टीटी की टीडी? आईच्या दंडातली सुई आणि बाळाचे पहिले सहा महिने

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. तरीही गरोदर स्त्रिया माझ्याकडे बऱ्याच येतात. कुणाला खोकला असतो, कुणाला ताप, कुणाची थायरॉइडची गोळी चालू असते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली, जत, कवठेमहांकाळ, शिरोळ इथून तर लोक येतातच, शिवाय सीमेपलीकडून अथणी, रायबाग, चिकोडीहूनही येतात. तपासणी संपली, चिठ्ठी लिहून झाली की बरोबर आलेली सासू किंवा आई हळूच एक प्रश्न काढते. "डॉक्टर, हिला इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. पोटातल्या बाळाला बाधणार नाही ना?" गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रश्न ऐकू येतो. "आमच्या वेळी टीटी असायचं. हिच्या कार्डावर टीडी लिहिलंय. चुकीचं तर दिलं नाही ना?"

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते सोपं आहे. टीटी म्हणजे फक्त धनुर्वाताची लस. टीडी म्हणजे धनुर्वाताची लस आणि तिच्या जोडीला घटसर्पाच्या लसीची लहान मात्रा. लहानपणी घेतलेल्या घटसर्पाच्या लसीचा परिणाम वयाबरोबर कमी होत जातो, म्हणून आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टीटीच्या जागी टीडी आलं. धनुर्वातापासूनचं संरक्षण तेच आहे. तेव्हा कार्डावर टीडी दिसलं तर काहीही चुकलेलं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र थोडं सविस्तर द्यावं लागतं. गरोदरपणातली ही लस 'बाळाला बाधू नये' एवढ्यापुरती तपासलेली नाही. ती मुळात बाळासाठीच दिली जाते.

पाचवी ते बारसं

धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणखतात, गोठ्यात असतात. कोरड्या, टणक कवचाच्या बीजाणूंच्या रूपात ते वर्षानुवर्षं तग धरतात. साध्या उकळीने ते खात्रीने मरत नाहीत. अशी माती किंवा शेण जखमेत गेलं आणि आत हवा पोचली नाही, की बीजाणूंमधून जंतू जागे होतात आणि विष तयार करतात. हे विष नसांमधून मज्जारज्जूपर्यंत जातं आणि स्नायूंना सैल पडूच देत नाही. पाठीचे स्नायू आखडून शरीर धनुष्यासारखं वाकतं, म्हणून नाव धनुर्वात.

नवजात बाळाला जखम कुठली? नाळेची. पूर्वी घरी बाळंतपण व्हायचं तेव्हा नाळ विळ्याने किंवा हाताशी असलेल्या पात्याने कापली जायची. वर राख, हळद, कुठे कुठे शेणसुद्धा लावलं जायचं. नाळेचा तो ओला, मरत चाललेला तुकडा म्हणजे धनुर्वाताच्या जंतूंना हवी तशीच जागा.

या आजाराचं वेळापत्रक लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाळ जन्मतः अगदी चांगलं असतं. रडतं, पहिले दोन दिवस ओढून दूध पितं. मग तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे, ते दूध ओढेनासं होतं. भूक नसते म्हणून नव्हे, तर जबडा उघडत नाही म्हणून. ओठ आवळलेले, मुठी घट्ट मिटलेल्या. हात लावला, दिवा लागला किंवा भांडं पडल्याचा आवाज झाला तरी सगळं अंग ताठ होऊन झटका येतो. बाळ शुद्धीवर असतं, हे यातलं सगळ्यात वाईट.

आपल्याकडच्या दिवसांत मोजलं तर हा काळ पाचवीच्या आगेमागे सुरू होतो आणि बारशाच्या पुढेमागे संपतो. पाचवीला बाळाच्या जिवासाठी सटवाईची पूजा करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना जंतूंची माहिती नव्हती. पण याच दिवसांत धडधाकट जन्मलेली मुलं जातात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्या मृत्यूंना इतर कारणंही होती, तरी धनुर्वात हे त्यांतलं एक मोठं कारण होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार काही दशकांपूर्वी भारतात वर्षाला दीड ते दोन लाख नवजात बाळांना धनुर्वात होत असे.

२०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं प्रमाणित झालं. या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. देवी गेली तसा धनुर्वात गेलेला नाही आणि जाणारही नाही, कारण तो माणसात नाही, मातीत राहतो. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळाला हा आजार होणं. हे दोन गोष्टींमुळे झालं. बाळंतपणं घरातून दवाखान्यात आली आणि जवळजवळ प्रत्येक गरोदर स्त्रीच्या दंडात ही लस गेली. बीजाणू गोठ्यात आजही आहेत. लस थांबली तर आजार परत येईल.

सुई आईला, मग बाळाला कसं मिळतं?

लसीत जंतू नसतात. जंतूंचं विष निष्प्रभ करून लसीत घातलेलं असतं. त्याने आजार होऊ शकत नाही, पण आईचं शरीर त्याला ओळखतं आणि त्याच्या विरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवतं. ही प्रतिपिंडं आईच्या रक्तात फिरतात आणि वारेतून बाळाकडे जातात.

वार म्हणजे नुसती गाळणी नव्हे. या जातीच्या प्रतिपिंडांना धरून पलीकडे नेऊन सोडणारे वाहक वारेत असतात. ही वाहतूक साधारण तेराव्या आठवड्याच्या सुमारास थोडी थोडी सुरू होते, पुढे वाढत जाते आणि शेवटच्या महिन्यात सगळ्यात जोरात चालते. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या बाळाच्या रक्तात ही प्रतिपिंडं आईइतकी, कधी आईपेक्षाही जास्त असतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला मात्र ही शिदोरी अर्धवटच मिळते. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जास्त जपावं लागतं, आई लस घेतलेली असली तरी.

ही शिदोरी बाळाने स्वतः बनवलेली नसते, त्यामुळे ती खर्च होत जाते. ढोबळ हिशेब असा. दर महिन्याला ती अर्धी होते. जन्मावेळी सोळा भाग असतील, तर महिन्याने आठ, दोन महिन्यांनी चार, तीन महिन्यांनी दोन आणि सहा महिन्यांनी पाव भाग. आता प्रत्येक आजारासाठी एकच प्रश्न विचारायचा. ही शिदोरी किती दिवस पुरायला हवी?

नाळेच्या धनुर्वाताचा धोका पहिल्या पंधरवड्यातच असतो, तेव्हा शिदोरी जवळजवळ भरलेली असते. म्हणून इथे आईच्या लसीचं काम फार चोख होतं. त्यानंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळाला स्वतःची पेंटाव्हॅलंट लस मिळते. तिच्यात धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला तिन्ही आहेत. आईने लस घेतली म्हणून बाळाचे डोस चुकवून चालत नाही, त्याचं कारण हेच.

फ्लूचा हिशेब वेगळा आहे

३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या पावसाळ्यात मिरज स्टेशनवर पुण्याहून येणाऱ्या गाडीतून उतरणारे लोक तोंडाला रुमाल बांधलेले दिसायचे. आम्ही डॉक्टरांनी त्या वर्षी एक गोष्ट जवळून पाहिली. फ्लूमुळे अतिदक्षता विभागात पोचणाऱ्या तरुण माणसांमध्ये गरोदर स्त्रिया त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त होत्या.

याचं कारण शरीरातच आहे. शेवटच्या महिन्यांत गर्भाशय छातीखालचा पडदा वर ढकलतं, त्यामुळे फुप्फुसांना फुगायला जागा कमी मिळते. त्याच वेळी दोन जिवांसाठी प्राणवायू जास्त लागतो. हृदय आधीच जास्त काम करत असतं. अशा वेळी फ्लूचा न्यूमोनिया झाला तर हाताशी राखीव ताकद कमी उरते. म्हणजे फ्लूची लस आधी आईसाठी आहे.

पण बाळासाठी तिचं महत्त्व कमी नाही. फ्लूची लस बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत देताच येत नाही. आणि फ्लू झालेल्या बाळांमध्ये दवाखान्यात दाखल व्हायची वेळ सगळ्यात जास्त याच सहा महिन्यांतल्या बाळांवर येते. या काळात बाळाला लसीचं संरक्षण मिळण्याची वाट एकच, आईच्या वारेतून.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. बांगलादेशात ढाक्यात एक अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ३४० गरोदर स्त्रियांपैकी काहींना फ्लूची लस दिली, काहींना दुसरी एक लस दिली आणि मग त्यांच्या बाळांवर सहा महिने लक्ष ठेवलं. ज्या आयांनी फ्लूची लस घेतली होती, त्यांच्या बाळांमध्ये तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. लस बाळाला दिलीच नव्हती, हे लक्षात घ्या.

६३ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे. वरचा अर्ध्या-अर्ध्याचा हिशेब इथे आडवा येतो. धनुर्वातासाठी शिदोरी पंधरा दिवस पुरली तरी भागतं, फ्लूसाठी ती सहा महिने ताणायची असते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत संरक्षण चांगलं असतं, पुढे ते विरळ होत जातं. शिवाय फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही दर वर्षी नव्याने बनते. मागच्या बाळंतपणात घेतलेली फ्लूची लस या खेपेला मोजायची नाही.

आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि एक लहान लाट हिवाळ्यात. लस घेतल्यापासून प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. टोचून देण्याची लस मारलेल्या विषाणूची असते, ती गरोदरपणात चालते. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस गरोदरपणात घ्यायची नाही. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसीही जिवंत असतात, त्याही या काळात टाळायच्या.

महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. पण बऱ्याच घरांत ही गोष्ट माहीत नसते आणि साठाही नेहमी सगळीकडे असतोच असं नाही. म्हणून तपासणीला जाल तेव्हा 'फ्लूची लस आहे का' हे स्वतःहून विचारा.

एका कार्डाची गोष्ट

आता हे प्रत्यक्षात कसं ठरवतात ते एका उदाहरणाने सांगतो. ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातून आलेली एक बाई खोकल्यासाठी माझ्याकडे आली होती. तारीख होती १६ डिसेंबर. ताप नव्हता, छाती स्वच्छ होती, साधी सर्दी होती. पाळी १५ जुलैला आली होती असं तिने सांगितलं, म्हणजे बावीस आठवडे पूर्ण. दिवस भरायची तारीख २२ एप्रिलच्या आसपास. दुसरी खेप, पहिला मुलगा चार वर्षांचा. माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत राहिलेलं.

"इंजेक्शन घेतलं का?" विचारल्यावर ती म्हणाली, "पहिल्या टायमाला दोन घेतली. औंदा एक घेतलं, निघायच्या आधी."

इथे नियम असा आहे. मागच्या गरोदरपणात दोन डोस झाले असतील आणि त्याला तीन वर्षं झाली नसतील, तर या खेपेला एकच बूस्टर पुरतो. तिचा मुलगा चार वर्षांचा, म्हणजे तीन वर्षं उलटून गेलेली. तेव्हा तिला या खेपेला दोन्ही डोस हवे होते. पहिला गरोदरपण कळल्यावर लवकरात लवकर, दुसरा त्यानंतर किमान चार आठवड्यांनी.

यंदाचा पहिला डोस खरंच टीडीचाच होता का, हे पाहायला हवं होतं. सोबत आलेल्या नवऱ्याने गावच्या आशाताईंना फोन लावला. त्यांनी नोंदवही काढून वाचून दाखवलं: टीडी पहिला डोस, २३ सप्टेंबर. दुसरा २१ ऑक्टोबरपासून पुढे केव्हाही घेता आला असता, पण तोवर टोळी गाव सोडून निघाली होती. गावच्या यादीत ती 'स्थलांतरित' होती आणि इथल्या यादीत तिचं नावच नव्हतं.

आता अंतर बारा आठवड्यांचं झालं होतं. अशा वेळी पुष्कळांना वाटतं की पहिला डोस वाया गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं. तसं नाही. डोसमधलं अंतर चार आठवड्यांपेक्षा कमी नको, जास्त झालं तर हरकत नाही. शरीर पहिला डोस विसरत नाही. राहिलेला दुसरा तेवढा द्यायचा. तो बाळंतपणाच्या किमान दोन आठवडे आधी व्हायला हवा. तिच्याकडे अठरा आठवडे होते.

साधी सर्दी असली तरी लस देता येते. चांगला ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबतात. तिला मी चिठ्ठी देऊन सरकारी केंद्रात पाठवलं. तिथे त्याच दिवशी एका दंडात टीडी आणि दुसऱ्या दंडात फ्लूची लस मिळाली. दोन्ही एका दिवशी चालतात. नवं कार्ड करून जुन्या डोसची तारीखही त्यावर लिहून घेतली आणि त्या कार्डाचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये काढून ठेवायला सांगितला. टोळी पुढच्या कारखान्याकडे गेली तरी फोटो बरोबर जाणार होता.

समजा गावी कुणी फोन उचललाच नसता, तर? मग पहिला डोस झालाच नाही असं धरून दोन दिले असते. एखादा डोस जास्त झाला तर दंड थोडा अधिक सुजतो, दुखतो, एवढंच. कमी पडला तर बाळाची शिदोरी अपुरी राहते.

तिसरी लस: टीडॅप

खासगीत बाळंतपण करणाऱ्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ टीडॅप नावाची लस सुचवतात. टीडीमध्ये डांग्या खोकल्याच्या लसीची भर घातली की ती टीडॅप. डांग्या खोकला मोठ्या माणसाला महिनाभर छळतो, पण महिन्याभराच्या बाळाचा श्वास थांबवू शकतो. गंमत अशी की इतक्या लहान बाळाला तो खोकला येईलच असं नाही. ते मध्येच निळं पडतं, श्वास अडकतो. बाळाची स्वतःची लस सहाव्या आठवड्यापर्यंत सुरू होत नाही आणि ही पोकळी आईने भरायची असते. इंग्लंडमध्ये डांग्या खोकल्याची साथ आल्यावर २०१२ च्या ऑक्टोबरपासून सगळ्या गरोदर स्त्रियांना अशी लस द्यायला सुरुवात झाली.

टीडॅप २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, टीडीच्या दुसऱ्या डोसच्या जागी देतात. वरच्या बाईच्या तारखांनी पाहिलं तर २० जानेवारी ते २४ मार्च. वारेची वाहतूक जोरात असते तेव्हा आईच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर असावीत, म्हणून ही वेळ. आणि ती शिदोरी त्या त्या बाळापुरतीच असते, म्हणून प्रत्येक गरोदरपणात नव्याने. आपल्या सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रियांना टीडी मिळतं, टीडॅप विकत घ्यावं लागतं. ते परवडलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, पण टीडी कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. घरात ज्याला खोकला आहे त्याने बाळाला घ्यायचं नाही, एवढं तरी बिनखर्चाचं आहे.

लस घेतल्यावर आणि बाळ घरी आल्यावर

लस घेतल्यावर एक-दोन दिवस दंड दुखतो, क्वचित कणकण येते. पॅरासिटामॉलची गोळी गरोदरपणात चालते. दंड चोळू नका. फ्लूची लस घेतल्यावर आठवड्याभरात सर्दी झाली तर ती लसीमुळे नव्हे. दुसरे पुष्कळ विषाणू त्याच हवेत असतात.

आधी कुठल्या लसीने अंगावर मोठ्या गाठी उठल्या असतील, घसा सुजला असेल किंवा श्वास लागला असेल, तर ते सुई घेण्याआधी सांगा.

बाळाच्या नाळेला काहीही लावायचं नाही. हळद नाही, तेल नाही, राख नाही, पावडर नाही. सांगलीची हळद कितीही चांगली असली तरी ती स्वयंपाकघरात. नाळ कोरडी आणि उघडी ठेवा, ती आपोआप गळून पडते.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंशांपेक्षा जास्त ताप आला, ते आधी दूध ओढत होतं आणि आता ओढेनासं झालं, अंग ताठ झालं, निळं पडलं किंवा श्वास भराभर चालू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखान्यात न्या. आईने सगळ्या लसी घेतल्या असल्या तरी न्या.

तुमच्या घरात सध्या कुणी गरोदर असेल तर आज तिचं कार्ड काढा आणि त्यावर तीन गोष्टी पाहा. टीडीचे किती डोस झाले आणि कोणत्या तारखांना? मागचं बाळंतपण कधीचं? या वर्षीची फ्लूची लस झाली का? यातलं काही रिकामं असेल तर पुढच्या तपासणीला ते कार्ड डॉक्टरांसमोर ठेवून त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवा. आणि कार्डाचा एक फोटो काढून ठेवा.